नऊ आठवडे भेटतोय, पण 'आपलं नक्की काय?' हे कसं विचारायचं

प्रश्न: मी २९ वर्षांची, पुण्यात आयटीत काम करते. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या एका मुलाला गेले नऊ आठवडे जवळपास दर शनिवार-रविवारी भेटतेय. छान चाललंय, पण हे नक्की काय आहे यावर आम्ही दोघंही अवाक्षर काढत नाही. इकडे आईने माझा बायोडेटा करायला घेतलाय. त्याला विचारायचंय, पण 'सांग, नाहीतर मी चालले' असं वाटायला नको आणि तो दचकून पळायलाही नको. कसं विचारू?

उत्तर: येत्या शनिवार-रविवारीच विचारा. नऊ आठवड्यांनी विचारणं म्हणजे घाई नव्हे. समोरासमोर विचारा, पुढचे दोनेक तास मोकळे असताना विचारा, आणि आधी स्वतःचं सांगून मग विचारा. लग्नाचं काढू नका. आत्ता काय आहे आणि कुठल्या दिशेने चाललंय, एवढंच बोला. कुठलं उत्तर आलं तर आपण काय करणार हे मनाशी ठरवून जा, पण ते प्रश्नाच्या शेपटाला बांधू नका. थोडक्यात उत्तर एवढंच. मात्र यातल्या प्रत्येक जागी माणसं कशी घसरतात हे समुपदेशक म्हणून मी रोज ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'आपलं नक्की काय?' हा दिसायला एक प्रश्न असला तरी त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. तू अजून कोणाला भेटतोयस का, हा पहिला. माझ्याबरोबर हे पुढे न्यावं असं तुला वाटतंय का, हा दुसरा. आणि यातून लग्न होणार का, हा तिसरा. विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा असतो. ऐकणाऱ्याला मात्र तिसराच ऐकू येतो, आपल्याकडे तर हमखास, कारण 'मग मुलाचा काय विचार आहे?' हे वाक्य त्याने आजवर फक्त बैठकीच्या खोलीत ऐकलेलं असतं. मग तो सगळ्यांत मोठ्या प्रश्नाला घाबरून सगळ्यांत छोटं उत्तर देतो: "अगं, छान चाललंय की!" तुम्ही घरी येऊन त्या 'छान'चा कीस पाडत बसता.

म्हणून जाण्याआधी स्वतःला विचारा की मला यातलं कुठलं उत्तर हवंय. नऊ आठवड्यांत तुम्ही एकमेकांचे शनिवार-रविवार पाहिलेत. धुवून-इस्त्री करून आलेला माणूस पाहिलाय. त्याला ताप आल्यावर तो कसा वागतो, आईशी भांडण झाल्यावर कसा असतो, महिनाअखेरीला पैसे संपल्यावर काय करतो, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि त्यालाही तुमचं ठाऊक नाही. अशा वेळी 'माझ्याशी लग्न करशील का?' याचं खरं उत्तर त्याच्याकडेच नसतं. प्रामाणिक माणूस इथे अडखळतो आणि तुम्ही ते अडखळणं नकार म्हणून घरी नेता. 'तुला लग्न करायचंय का, साधारण कधीपर्यंत?' हे मात्र बिनधास्त विचारता येतं, कारण ते तुमच्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल आहे. खरं तर ते तिसऱ्या-चौथ्या भेटीतच, गप्पांच्या ओघात निघालेलं बरं. राहून गेलं असेल तर अजूनही विचारा, फक्त या बोलण्यात ते मिसळू नका, वेगळ्या दिवशी विचारा.

आता एक गोष्ट कबूल करून टाकू. तुम्ही त्याला अजून विचारलं नसेल, पण गेले काही आठवडे गुपचूप तपासत नक्कीच असाल. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच करतात. लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मॉट या संवादशास्त्राच्या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ साली नेमका हाच विषय हाती घेतला होता: नात्यात आपण कुठे उभे आहोत हे न विचारता काढून घ्यायला माणसं कोणत्या छुप्या परीक्षा घेतात. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, जवळच्या नात्यांत कोणते विषय टाळले जातात हे त्यांनी पाहिलं, तेव्हा सर्वांत जास्त टाळला जाणारा विषय निघाला 'या नात्याचं काय चाललंय' हाच. त्यांच्यासमोर अमेरिकेतले कॉलेजमधले विद्यार्थी होते, तेही चाळीस वर्षांपूर्वीचे. पण त्यांनी नोंदवलेल्या परीक्षा मी आज पुण्यात जशाच्या तशा ऐकते. 'यावेळी मी आधी मेसेज करणार नाही, बघू तो करतो का.' 'काल मुद्दाम ऑफिसमधल्या मित्राचा विषय काढला, चेहरा बघायला.' 'त्याच्या रूममेटला आडून विचारलं.' 'दोघांचा फोटो स्टोरीला टाकला, त्याने हार्टसुद्धा दिला नाही.' आणि आपली खास देशी: 'सहज सांगितलं की घरी स्थळ आलंय.'

या परीक्षांमध्ये खोटेपणा असतो ही माझी मुख्य तक्रार नाही. त्यांचा निकाल वाचता येत नाही, ही तक्रार आहे. तुम्ही मेसेज केला नाही आणि त्यानेही दोन दिवस केला नाही, याचा अर्थ त्याला रस नाही, की रिलीज होतं, की तुम्ही गप्प का म्हणून तोही तिकडे तुमची परीक्षा घेत बसला होता? 'स्थळ आलंय' ऐकून तो "अरे वा" म्हणाला, ते थंडपणाने म्हणाला की पायाखालची जमीन सरकल्यावर दुसरं काही सुचलं नाही म्हणून? पेपर तुम्ही काढायचा, परीक्षा आहे हे त्याला कळू द्यायचं नाही, आणि गुण मात्र लावायचे. विचारायचं ठरवलं असेल तर त्या आठवड्यात या सगळ्या परीक्षा बंद करा. नाहीतर बोलायला बसताना तुमच्या मनात आधीच तीन विषयांत नापास झालेला मुलगा असेल आणि ते आवाजात येतंच.

दबाव म्हणजे काय, याबद्दलही थोडा गोंधळ असतो. मुलींना वाटतं की विचारणं हाच दबाव. तसं नाही. दबाव तयार होतो तो प्रश्नाला मुदत आणि शिक्षा जोडल्यावर. 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न आहे. 'महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर मी स्थळं बघायला सुरुवात करते' ही नोटीस आहे. जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलं होतं की निवडीचं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस आधी ते परत मिळवायला धडपडतो, मूळ गोष्ट त्याला हवी असली तरीसुद्धा. म्हणजे ज्याला तुम्ही मनापासून आवडता तोही नोटीस हातात पडल्यावर आधी नोटिशीशी भांडतो. किंवा त्याहून वाईट, घाबरून 'हो' म्हणतो. ते 'हो' तुमचं नसतं, त्या तारखेचं असतं.

मग आईच्या बायोडेटाचं काय करायचं? ही तुमच्या प्रश्नातली खरी अवघड जागा आहे. काहीजणी म्हणतात, सांगायचंच नाही, सांगितलं की दबाव येतो. मला हे पटत नाही. ती तुमच्या आयुष्यातली चालू गोष्ट आहे. दोन महिन्यांनी त्याला दुसरीकडून कळलं की तुम्ही त्याला भेटत असताना चहा-पोह्यांचा कार्यक्रमही करून आलात, तर तो फसवणूक समजेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. सांगायचं, पण प्रश्नाच्या वाक्यात नाही. त्याने त्याचं बोलून झाल्यावर, वेगळं, माहिती म्हणून, आणि ते निस्तरण्याची जबाबदारी आपल्याकडे ठेवून. 'आई मागे लागलीये, मी तिला काय सांगू?' असं विचारलंत की आईचा प्रश्न त्याच्या खांद्यावर गेला. 'आई मागे लागलीये, तिचं मी बघते, तुला माहीत असावं म्हणून सांगितलं' असं म्हटलंत की तो तुमच्याकडेच राहिला. माहिती तीच, पण ओझं कोणाकडे गेलं ते बदललं.

जागा आणि वेळ हा भाग लोक हसण्यावारी नेतात, पण अर्धी बोलणी तिथेच बिघडतात. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे निरोपाची. रविवारी रात्री साडेदहाला, सोसायटीच्या गेटपाशी, गाडी चालू ठेवून. दिवसभर धीर झालेला नसतो, म्हणून शेवटच्या मिनिटाला तोंडातून निघून जातं. त्याला सोमवारी सकाळी नऊची मीटिंग असते, वॉचमन बघत असतो, आणि तो 'आपण बोलू ना यावर' म्हणून निघून जातो. बाइकवर मागे बसून विचारू नका, हेल्मेटमधून अर्धं ऐकू येतं आणि चेहरा दिसत नाही. दोघांनी घेतलेली असताना नको. शरीराने जवळ आल्यानंतरच्या तासाभरात तर नकोच, त्या वेळी 'हो' स्वस्त असतं. व्हॉट्सॲपवर लिहून विचारण्याचा मोह फार होतो, कारण तिथे वाक्य खोडता येतं. पण दोन निळ्या टिका आणि पुढची चाळीस मिनिटं शांतता, हे सहन करण्यापेक्षा समोर बसून दहा सेकंदांची शांतता सोसणं सोपं. तो दुसऱ्या गावी असेल तर व्हिडिओ कॉल करा.

आधी वर्दी द्यावी का? गुरुवारी 'शनिवारी जरा बोलायचंय' असा मेसेज टाकलात तर तो दोन दिवस आपण काय चुकलो याची यादी करत बसेल. मी वर्दी न देण्याच्या बाजूची आहे. तिथेच, "एक मनातलं बोलायचंय, वाईट काही नाही" एवढी प्रस्तावना पुरते. आणि शक्य असेल तर चालता चालता बोला. समोरासमोर टेबलावर बसलं की मुलाखत वाटते. शेजारी शेजारी चालताना डोळे चुकवण्याची सोय असते, आणि अवघड बोलणाऱ्याला ती सोय लागते.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते. माझ्याकडे आलेल्या काहीजणींचे तपशील मिसळून आणि बदलून सांगतेय. तीही तुमच्यासारखीच, दोनेक महिने झालेले. रविवारी सकाळी दोघं वेताळ टेकडीवर गेले होते. उतरताना गर्दी कमी झाल्यावर ती म्हणाली:

"एक मनातलं बोलायचंय, वाईट काही नाही. तुझ्याबरोबर असताना मला फार छान वाटतं. महिनाभर झाला, मी ॲपवर दुसऱ्या कोणाशी बोलत नाहीये, बोलावंसंच वाटत नाही. मला हे पुढे न्यायला आवडेल. तुझ्या मनात काय आहे ते ऐकायचंय. आज काही ठरलंच पाहिजे असं नाही."

यात 'तू' कुठे येतो ते बघा. आधी सगळं तिचं स्वतःचं आहे, आणि तेही धूसर नाही. 'ॲपवर बोलत नाहीये' ही पडताळता येण्यासारखी, ठोस गोष्ट आहे. 'मला पुढे न्यायला आवडेल' हे सांगताना तिने स्वतःचे पत्ते आधी टाकले. आपण बहुतेक उलटं करतो, समोरच्याने आधी सांगावं म्हणजे आपलं हसं होणार नाही. पण मग तो उत्तर देण्याआधी तुम्हाला काय ऐकायचंय याचा अंदाज बांधत बसतो, आणि त्याचं मन कळायचं ते राहूनच जातं.

मग ती गप्प राहिली. हे सगळ्यांत अवघड. तो दहा-बारा पावलं काहीच बोलला नाही. इथे बहुतेक जणी घाबरून स्वतःच बोलायला लागतात: 'म्हणजे तसं काही नाही रे, सहज विचारलं, राहू दे.' एवढी तयारी करून विचारलेला प्रश्न स्वतःच मागे घेऊन टाकतात. ती गप्प राहिली. मग तो म्हणाला, "छानच चाललंय ना आपलं? नाव कशाला द्यायचं?"

'नाव कशाला' यावर वाद घालता येतो, आणि तो वाद तुम्ही जिंकालसुद्धा, फक्त हाती काही लागणार नाही. तिने वाद घातला नाही.

"नाव राहू दे. मला दोन गोष्टी कळल्या तरी पुरे. तू सध्या अजून कोणाला भेटतोयस का? आणि हे वाढावं असं तुला वाटतं, की आहे तेवढंच बरं वाटतंय? दोन्ही चालेल, मला फक्त खरं कळू दे."

इथे मोठा प्रश्न छोटा झाला. त्याला उत्तर देता येईल एवढा छोटा. आणि 'आहे तेवढंच बरं' हा पर्याय तिने टोमणा न मारता, सरळ ठेवला. 'दोन्ही चालेल' म्हणजे दोन्ही सांगायला चालेल. दोन्ही उत्तरांवर ती तशीच भेटत राहील असं तिने म्हटलेलं नाही.

तो म्हणाला, "भेटत नाही कोणाला. सुरुवातीला एकीला भेटलो होतो एकदा, नंतर नाही. वाढावं असं... वाटतं. पण माझी बंगळुरूला बदली होईल असं दिसतंय. पंधरा दिवसांत कळेल. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग मला भेटतोयस कशाला. म्हणून बोललो नाही."

तिला राग आला होता, तिने मला तसं सांगितलं. पण त्या क्षणी तिने एवढंच म्हटलं, "हे मला माहीत नव्हतं. थोडं लागलं मला. पण सांगितलंस ते बरं केलंस." खरं बोलल्याबद्दल लगेच फटके मिळाले की पुढच्या वेळी कोणी खरं बोलत नाही. बदली लपवल्याबद्दल ती त्याच्याशी नंतर, आठवड्याने, नीट बोलली.

मग तिने तिचं सांगितलं. "माझ्या घरी बायोडेटाचं चाललंय. ते माझं मी बघेन, तुला काही करायचं नाहीये. माहीत असावं म्हणून सांगतेय."

तो थबकला. "म्हणजे मला घाईने ठरवावं लागेल का?"

"नाही. आईला काय सांगायचं ते मी ठरवेन. तुझं बदलीचं कळलं की पुन्हा बोलू. चालेल?"

"चालेल."

टेकडी उतरेपर्यंत एवढंच झालं. मग दोघांनी मिसळ खाल्ली आणि त्याच्या भाच्याच्या शाळेबद्दल बोलले. हा शेवटचा भाग मी मुद्दाम लिहिलाय. असं बोलणं झालं की त्याच दिवशी त्याची चिरफाड करत राहू नका. सगळ्यांना पचायला वेळ लागतो. बारा दिवसांनी बदलीचं पक्कं झालं तेव्हा त्याने आपणहून फोन केला, तिला विचारावं लागलं नाही. त्या 'वाटतं'ला वजन आलं ते त्या फोनने. पुढे काही महिने दोघं पुणे-बंगळुरू येऊन-जाऊन होते, मग आपसांत बोलून थांबले.

तुमच्या वाट्याला येणारं उत्तर वेगळं असेल. स्वच्छ होकार किंवा स्वच्छ नकार वाचायला कोणाची मदत लागत नाही. मधली उत्तरं अवघड. त्यातलं सर्वांत जास्त येणारं म्हणजे 'मला थोडा वेळ हवाय'. यावर एकच प्रश्न विचारा, मऊ आवाजात: "कशाचा विचार करायचाय तुला?" ज्याला खरंच वेळ हवा असतो त्याच्याकडे इथे काहीतरी सांगण्यासारखं असतं: आधीचं नातं सहा महिन्यांपूर्वी तुटलंय, वडिलांचं ऑपरेशन आहे, तुझ्या-माझ्या घरच्यांचं कसं जमेल याची भीती वाटते. त्यात काहीतरी बदलू शकणारं असतं, म्हणून त्या वेळेला अर्थ असतो. 'माहीत नाही गं, बघू, फ्लो मध्ये जाऊ दे' या उत्तरात बदलण्यासारखं काही नाही, त्यामुळे चार महिन्यांनीही तेच उत्तर असणार. तरीही लगेच निकाल लावू नका. पुढचे दोन-तीन आठवडे बघा: तो विषय स्वतःहून एकदा तरी काढतो का, पुढच्या रविवारच्या पलीकडचं काही ठरवतो का, मधल्या वारी बोलतो का, त्याच्या एखाद्या मित्राला तुमचं नाव माहीत झालं का. ही छुपी परीक्षा नव्हे. तुम्ही विचारलेलं आहे, त्याला ठाऊक आहे, आणि त्याची कृती हेच आता त्याचं उत्तर आहे.

'मला सध्या सिरियस काही नकोय' हे मात्र मधलं उत्तर नाही. तो नकार आहे, नम्र भाषेतला. यातल्या 'सध्या' या एका शब्दावर वर्ष-वर्ष काढलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि मुलगेही. त्याने खरं सांगितलंय, त्याच्यावर विश्वास ठेवा. तुम्हालाही हलकंफुलकंच हवं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही मला लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही.

विचारल्यावर दोन-तीन दिवस तो जरा थंड पडला तर घाबरू नका. एखादा नेहमीचा मेसेज टाका, त्या विषयाचा नको. आठवडा उलटला, मेसेज वाचून सोडले जातायत, तर उत्तर आलं असं समजा. आणि तुम्ही शांतपणे विचारलेल्या प्रश्नावर तो भडकला, 'तू मला अडकवतेयस', 'तुम्ही मुली सगळ्या अशाच' असं बोलला, तर लक्षपूर्वक ऐका. दचकणं वेगळं, एखादा दचकून वेडंवाकडं बोलतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन सॉरी म्हणतो. पण नुसतं विचारणं हाच तुमचा गुन्हा ठरत असेल, तर पुढे विचारायच्या गोष्टी याहून अवघड असणार आहेत. आणि धमकीची, फोटोंची भाषा आली तर वरचं काहीच लागू नाही. तिथे समजुतीने बोलत बसू नका, मेसेज जपून ठेवा, घरच्या कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

आता ते मनाशी ठरवून जायचं म्हटलं त्याबद्दल. तुमची मर्यादा तुमच्याकडे असायलाच हवी. 'मी असं अजून दोन महिने राहू शकते, त्यापुढे नाही' हे तुम्ही स्वतःशी ठरवू शकता, त्याला पहिल्याच दिवशी तारीख सांगायची गरज नाही. पण एक पथ्य पाळा. ती छुपी तारीख पुन्हा विचारण्याची असू दे, न सांगता निघून जाण्याची नको. म्हणजे दोन महिन्यांनी एक दिवस त्याला ब्लॉक केलं आणि 'मी किती वाट पाहिली' असं मैत्रिणीला सांगितलं, असं होऊ नये. त्याला वाटच माहीत नव्हती. दुसऱ्यांदा बोलताना मात्र सरळ बोला: "मागे आपलं बोलणं झालं होतं. माझं मन तेच आहे. तुझं अजून ठरत नसेल तर मी समजू शकते, पण मला असं अधांतरी राहणं जमत नाहीये, म्हणून मी इथे थांबते." यात धमकी नाही, कारण यातून तुम्ही त्याच्याकडून काही काढून घेऊ बघत नाही. तुम्ही काय करणार ते सांगताय, आणि खरंच तेच करणार आहात. तो बदलावा म्हणून हे वाक्य वापरायचं असेल तर वापरू नका. त्याने थांबवलं नाही तर तुम्ही तोंडघशी पडता, आणि दुसऱ्या आठवड्यात परत गेलात तर त्यानंतर तुमच्या कुठल्याच वाक्याला किंमत उरत नाही.

पहिल्याच वेळी नकार आला तर वाद नको, कारणं खणू नका. "सांगितलंस ते बरं झालं. मला वेगळं हवंय, म्हणून मी थांबते." एवढं बोलून घरी जा. 'मित्र म्हणून राहू' याला त्या संध्याकाळी हो म्हणू नका. तेव्हा ते मैत्रीसाठी नसतं, दार किलकिलं ठेवण्यासाठी असतं.

राहता राहिली आई. तिच्याशी या मुलाबद्दल आत्ताच बोलायची गरज नाही, नऊ आठवड्यांच्या ओळखीवर घरात गोत्र-पत्रिका निघाली तर तुम्हाला दोघांना धड विचारही करता येणार नाही. 'आई, दोन-तीन महिने स्थळं नको बघूस, मला थोडी सवड हवीये' एवढं म्हणा. ती विचारणारच, 'कोणी आहे का?' तेव्हा 'छे, कोणी नाही' असं म्हणू नका, ते पुढे तुमच्यावरच उलटतं. 'असलं तर तुला मीच सांगेन' म्हणा. आई चार दिवस फुगेल, मावशीला फोन करेल. बायोडेटा पीडीएफमध्ये पडून राहिला तर कोणाचं काही बिघडत नाही. फक्त तो मंडळाच्या ग्रुपवर जाणार नाही एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.